ओल्या सकाळचा अलार्म: सोलरच्या डीसी वायरिंगमधली गळती कशी शोधायची

रात्रभर पाऊस लागला की सकाळी गच्चीवरचा सोलर सुरूच होत नाही. इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि पडद्यावर `PV Isolation Low`, `PV ISO-PRO` किंवा `Low Insulation Resistance` असं काहीतरी. कंपनीगणिक शब्द वेगळे, अर्थ एकच. दहा-साडेदहाला ऊन पडतं, गच्ची सुकते आणि यंत्रणा आपली आपण चालू होते. दुपारी इन्स्टॉलरचा माणूस येतो, मीटर लावतो, ‘आता तर चालू आहे की’ म्हणतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पाऊस, आणि पुन्हा तोच लाल दिवा.

हा बिघाड शोधायला खरं तर फार अवघड नसतो. तो सापडत नाही, कारण तो असताना कुणी शोधत नाही. गच्ची ओली असताना साध्या मल्टिमीटरने तीन मापं घेतली, तर दहा पॅनेलांपैकी नेमक्या कुठल्या दोन पॅनेलांच्या मधे गळती आहे, इथपर्यंत पोचता येतं. त्यासाठी इन्व्हर्टर सकाळी काय तपासतो ते आधी समजून घ्यायला हवं.

गच्चीवरची पॅनेलं एकापुढे एक जोडून त्यांची माळ केलेली असते. या धंद्यात तिला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगची दोन टोकं, प्लस आणि मायनस, वायरने खाली इन्व्हर्टरपर्यंत येतात. आपल्याकडच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि अशा ठिकाणी यांतलं कुठलंही टोक अर्थिंगला जोडत नाहीत. संपूर्ण डीसी बाजू जमिनीपासून अलग, अधांतरी ठेवलेली असते. पॅनेलांच्या चौकटी आणि लोखंडी स्ट्रक्चर मात्र अर्थ केलेले असतात. म्हणजे वीज वाहणारी तार आणि अर्थ केलेलं लोखंड यांच्यामध्ये उभं असतं ते फक्त इन्सुलेशन: वायरचं वेष्टन, कनेक्टरचं प्लास्टिक, पॅनेलच्या पाठीवरचा थर.

रोज सकाळी ग्रिडला जोडून घेण्याआधी इन्व्हर्टर हे इन्सुलेशन मोजतो. डीसी तारा आणि अर्थ यांच्यामधला रोध ठरलेल्या मर्यादेखाली असेल, तर तो ग्रिडला जोडूनच घेत नाही. याचं कारण असं, की ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये ग्रिडला जोडल्याक्षणी डीसी बाजू न्यूट्रलशी आतून जोडली जाते, आणि न्यूट्रल महावितरणच्या बाजूला अर्थ केलेला असतो. गच्चीवर आधीच कुठे तार लोखंडाला लागलेली असेल, तर आता गळतीच्या प्रवाहाला पुरा रस्ता मिळतो. अधांतरी यंत्रणेत एक गळती एकटीने काही जाळत नाही. पण दुसऱ्या ठिकाणीही वेष्टन फाटलं, तर दोन गळत्यांमधून लोखंडातून डीसी प्रवाह वाहू लागतो, ठिणगी धरून ठेवतो आणि आग लागते. सकाळचा अलार्म म्हणजे पहिली गळती झाल्याची खबर.

मर्यादा किती? आयईसी ६२१०९-२ या मानकात ती अशी काढतात: इन्व्हर्टरच्या कमाल डीसी व्होल्टेजला ३० मिलिअँपिअरने भागायचं. ६०० व्होल्टच्या यंत्राला २० किलोओहम, १००० व्होल्टच्याला साधारण ३३ किलोओहम. ही किमान अट झाली. बऱ्याच कंपन्या मर्यादा त्याहून वर, कधी दोनशे किलोओहमपर्यंत ठेवतात.

इथे एक समजूत खोडून काढायला हवी. ‘पावसात पॅनेलं भिजणारच, त्यामुळे थोडा अलार्म यायचाच,’ असं सांगून ग्राहकाची बोळवण होते. पॅनेलं भिजल्यावर इन्सुलेशन काहीसं उतरतं हे खरं. पण किती उतरू शकतं, हे पॅनेलच्या मानकातच आहे. आयईसी ६१२१५ नुसार पाण्यात भिजवून चाचणी घेतानाही पॅनेलचा रोध आणि त्याचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार किमान ४० यावा लागतो. रोध मेगाओहममध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. ५४० वॉटचं पॅनेल साधारण २.६ चौरस मीटरचं असतं, म्हणजे त्याचा ओला रोध १५ मेगाओहमच्या वर हवा. अशी दहा पॅनेलं एकत्र धरली की रोध दहाव्या हिश्शावर येतो: दीड मेगाओहम, म्हणजेच १५०० किलोओहम. चाचणीत जेमतेम पास झालेली पॅनेलं घेतली तरी हा आकडा अलार्मच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे. तेव्हा अलार्म आला तर एखादी जागा खरोखर गळते आहे, असंच धरायचं.

घरमालकाने पहिल्या दिवशी करायचं काम कागद-पेनाचं आहे. इन्व्हर्टरच्या मेन्यूत किंवा मोबाइल ॲपमध्ये इन्सुलेशनचा आकडा बहुतेक ठिकाणी दिसतो, `ISO` किंवा `Riso` या नावाने. कोरड्या दिवशी तो किती, ओल्या सकाळी किती आणि अलार्म किती वाजता गेला, एवढं चार-पाच दिवस लिहून ठेवावं. अलार्म पाऊस थांबल्यावर अर्ध्या-एक तासात जात असेल, तर पाणी उघड्यावर, वाऱ्या-उन्हात लवकर सुकणाऱ्या जागी आहे. ऊन पडूनही दुपारपर्यंत किंवा दोन-दोन दिवस जात नसेल, तर ते कुठेतरी कोंडलेलं आहे. वायरच्या पाइपात, कनेक्टरच्या पोटात किंवा पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये. आणि ओल नसतानाही अलार्म येऊ लागला, तर पावसाची वाट न पाहता लगेच माणूस बोलवायचा.

पुढची मापं मात्र घरमालकाने घ्यायची नाहीत. उजेड आहे तोवर पॅनेलं बंद करता येत नाहीत. ढगाळ सकाळीही स्ट्रिंगवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असतं. शिवाय गळती असताना स्ट्रक्चरला टेकून उभ्या असलेल्या माणसाचा हात उघड्या तारेला लागला, तर शेकडो व्होल्ट त्याच्या अंगातून जमिनीकडे जातात. हे काम डीसीचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाचं, तेही दोघांनी मिळून, व्होल्टेजला साजेसे रबरी हातमोजे घालून आणि विजा चमकत नसताना करायचं. क्रमही ठरलेला आहे. आधी एसी बाजूचा ब्रेकर पाडायचा, मग डीसी स्विच. इन्व्हर्टरवर लिहिलेली वेळ, सहसा पाच मिनिटं किंवा जास्त, थांबायचं. डीसी वायरला क्लॅम्प मीटर लावून प्रवाह शून्य असल्याची खात्री करायची आणि मगच कनेक्टर उघडायचा. प्रवाह वाहत असताना एमसी-४ कनेक्टर ओढला, तर दोन टोकांमध्ये जाळ धरतो.

आता प्रत्यक्ष शोध. समजा ५.४ किलोवॅटची यंत्रणा आहे: ५४० वॉटची दहा पॅनेलं, एकच स्ट्रिंग. सकाळचे आठ वाजलेत, पाऊस थांबलाय, पत्र्यावरून अजून पागोळ्या गळताहेत आणि इन्व्हर्टर अलार्म देतोय. तंत्रज्ञ वरच्या क्रमाने सगळं बंद करतो आणि स्ट्रिंगची दोन्ही टोकं इन्व्हर्टरपासून सोडवतो. डीसीडीबीमध्ये, म्हणजे डीसीच्या जोडण्यांच्या पेटीत, विजेच्या लाटेपासून वाचवणारे एसपीडी असतात. त्यांच्या काडतुशाही काढून ठेवतो. एसपीडीचं एक टोक अर्थला असतं. तो आतून निकामी झाला असेल, तर गच्चीवर काहीच बिघडलेलं नसताना गळती दिसते. काडतुशी काढल्याबरोबर गळती नाहीशी झाली, तर शोध तिथेच संपला. दोन स्ट्रिंग असतील, तर दोन्ही वेगळ्या करून एकेक तपासायची. एकत्र मोजल्या तर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तीन मापं: प्लस आणि मायनसमधलं, प्लस आणि अर्थमधलं, मायनस आणि अर्थमधलं. मीटर आणि त्याच्या वायरी १००० व्होल्टच्या दर्जाच्या असाव्यात. अर्थ म्हणून डीसीडीबीतली पट्टी धरायची, पण ती गच्चीवरच्या स्ट्रक्चरला खरोखर जोडलेली आहे हे आधी पाहून. स्ट्रक्चरची अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली असेल, तर खाली काहीच दिसणार नाही आणि वर लोखंड मात्र ‘जिवंत’ असेल.

स्ट्रिंग धडधाकट असेल, तर प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ हे आकडे स्थिर राहत नाहीत. मीटर टेकवताच काहीतरी दिसतं आणि हळूहळू शून्याकडे घसरतं, कारण अधांतरी तारेला जमिनीशी नातंच नसतं. गळती असेल तर आकडे ठाम उभे राहतात आणि दोघांची बेरीज जवळपास पूर्ण स्ट्रिंगइतकी येते. आपल्या उदाहरणात मापं अशी आली: प्लस–मायनस ४७० व्होल्ट, प्लस–अर्थ ३२५, मायनस–अर्थ उणे १३९.

बारवेच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणल्या की हे आकडे वाचता येतात. दहा पायऱ्या आहेत, काही पाण्याच्या वर, काही पाण्याखाली. पाण्याची पातळी म्हणजे अर्थ आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक पॅनेल. ४७० भागिले दहा, म्हणजे एक पायरी ४७ व्होल्टची. ३२५ भागिले ४७ म्हणजे ६.९, सातच्या अगदी जवळ. १३९ भागिले ४७ म्हणजे २.९६, जवळपास तीन. सात पायऱ्या पाण्याच्या वर, तीन खाली. प्लसकडून मोजत गेलं, तर सातव्या आणि आठव्या पॅनेलच्या मधे तार अर्थला लागलेली आहे.

बेरीज ४७० ऐवजी ४६४ का? मल्टिमीटरच्या पोटात स्वतःचा साधारण १० मेगाओहमचा रोध असतो आणि थोडं व्होल्टेज गळतीच्या रोधावर खर्च होतं. ही तूट गळतीचा जोरही सांगून जाते. ६ व्होल्ट कमी, म्हणजे गळतीचा रोध मीटरच्या रोधाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास, अंदाजे १३० किलोओहम. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडाही याच्या आगेमागे असेल, तर आपण योग्य वाटेवर आहोत. ढग सरकल्याने व्होल्टेज थोडं हलतं, म्हणून तिन्ही मापं पटापट घेऊन पुन्हा एकदा पडताळायची.

प्रत्येक वेळी उत्तर असं पूर्णांकात येत नाही, आणि न येण्यालाही अर्थ असतो. मायनस–अर्थ शून्याजवळ आणि प्लस–अर्थ पूर्ण ४७० आलं, तर गळती पॅनेलांमध्ये नाहीच. ती मायनस टोकापासून खाली येणाऱ्या लांब वायरमध्ये आहे. उलट आलं तर प्लसच्या वायरमध्ये. अशा वेळी पहिला संशय भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपावर घ्यावा. त्यात साचलेलं पाणी आणि आत ओढताना खरचटलेली वायर, असं जोडगोळीचं काम असतं. उत्तर ६.५ च्या आसपास आलं, तर एखाद्या पॅनेलच्या आतच, म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये किंवा पाठीवरच्या तडकलेल्या थरात गळती असू शकते. पण दोन वेगवेगळ्या ठिकाणी गळती असली तरी मीटर मधलाच कुठला तरी आकडा दाखवतो. तेव्हा स्ट्रिंग मध्यावर तोडून पाच-पाच पॅनेलांची मापं वेगळी घ्यायची. ज्या अर्ध्यात ठाम आकडे दिसतील, ते पुन्हा तोडायचं. सगळ्याच तुकड्यांत थोडी थोडी गळती दिसली, तर पॅनेलांच्या पाठीच जुन्या झाल्या आहेत का, हे पाहावं लागतं.

सातव्या आणि आठव्या पॅनेलमधला जोड शोधायला वर जाण्याआधी एक गोष्ट हाताशी हवी: स्ट्रिंगचा नकाशा. विजेच्या क्रमातलं सातवं पॅनेल रांगेतलं सातवं असेलच असं नाही. पुष्कळदा परतीची वायर वाचवायला एकाआड एक पॅनेल जोडत जातात आणि उरलेली परत येताना जोडतात. नकाशा नसेल, तर पॅनेलांखालून वायरीचा माग काढत क्रम लावावा लागतो.

जोड सापडला की बिघाड बहुधा नजरेलाच दिसतो. आपल्या उदाहरणात एमसी-४ ची जोडी स्ट्रक्चरच्या सी-चॅनलमध्ये पडलेली आहे. तिला वर बांधून ठेवणारा प्लास्टिकचा टाय उन्हाने कडक होऊन तुटला आणि जोडी खाली घसरली. चॅनलमध्ये बोटभर पाणी, त्यात वाळलेली पानं आणि गाळ. कनेक्टर उघडला तर आतल्या धातूच्या पिनेवर हिरवट थर, आणि मागची नट हाताने फिरवली तर अर्धा आटा अजून आवळली जाते. ही नट आवळली की आतलं रबर वायरभोवती घट्ट बसतं आणि पाणी अडतं. बसवताना पान्याऐवजी हातानेच आवळली तर रबर बसत नाही. पहिला पावसाळा निभावतो, दुसऱ्यात पाणी शिरतं.

अशी ठिकाणं मोजकीच आहेत. साध्या पकडीने दाबलेली पिन. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी असा मिश्र जोड, जो बसल्यासारखा वाटतो पण पाणी अडवण्याइतका बसत नाही. पॅनेल आवळताना क्लॅम्पखाली चिमटलेली वायर. स्ट्रक्चरच्या कापलेल्या, धारदार कडेवर वाऱ्याने घासत राहिलेली वायर. खारीने किंवा उंदराने कुरतडलेलं वेष्टन. कोरड्या दिवसांत या सगळ्या जागा गप्प असतात. तार आणि लोखंड यांच्यामध्ये केसभर हवा असते आणि तीच इन्सुलेशनचं काम करते. पावसात तिथे पाणी भरतं आणि पूल तयार होतो.

गच्ची सुकल्यावरच तंत्रज्ञ आला, तरी हात टेकायचं कारण नाही. बागेच्या पाइपाने पॅनेलांखाली, जोडांवर एकेका भागात पाणी मारत जायचं आणि प्रत्येक वेळी मापं घ्यायची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकले, तर ते बारीक फटीत लवकर शिरतं. कुठल्या भागावर पाणी पडल्यावर आकडे ठाम होतात, ते दिसलं की झालं. हे करतानाही डीसी बाजू इन्व्हर्टरपासून सोडवलेलीच हवी, आणि पाणी मारणाऱ्याने वायरीला हात लावायचा नाही.

दुरुस्ती करताना जुना कनेक्टर पुसून, सुकवून परत लावायचा नाही. जोडाच्या दोन्ही बाजू कापून टाकायच्या, वायरचा तांब्याचा भाग काळा पडला असेल तर स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापत जायचं, आणि एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची नवी जोडी त्या कामाच्या क्रिम्पिंग हत्याराने बसवायची. मागची नट पान्याने आवळायची. मग जोडी चॅनलच्या वर, पॅनेलच्या सावलीत, उन्हाला टिकणाऱ्या क्लिपने किंवा स्टीलच्या टायने बांधायची. तिच्या दोन्ही बाजूंची वायर थोडी खाली झुकलेली ठेवली, तर ओघळ जोडाकडे न येता झोळातून खाली गळतो. कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळणं किंवा सिलिकॉन फासणं हा उपाय नाही. त्याने आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. गंज काढायचे फवारेही मारू नयेत, काही फवारे कनेक्टरच्या प्लास्टिकला तडे पाडतात.

याहून वाईट दोन ‘उपाय’ प्रत्यक्षात केले जातात. एक म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन अलार्मची मर्यादा खाली आणणं, दुसरा म्हणजे स्ट्रक्चरची अर्थिंग सोडवणं. दोन्हींनी लाल दिवा जाऊ शकतो, गळती जात नाही. अर्थिंग सोडवल्यावर तर संपूर्ण लोखंडी सांगाडा शेकडो व्होल्टवर तरंगू शकतो, आणि गच्चीवर वाळवण घालायला गेलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.

काम झाल्याची खूण म्हणजे मेगरचा आकडा. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सोडवलेली, एसपीडी काढलेले, अशा स्थितीत मेगरने चाचणी होते. आयईसी ६२४४६-१ नुसार १२० ते ५०० व्होल्टच्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टची आणि त्यावरच्या स्ट्रिंगला १००० व्होल्टची चाचणी घ्यायची, आणि घरगुती आकाराच्या यंत्रणेत रोध किमान १ मेगाओहम यायला हवा. कोरड्यात धडधाकट स्ट्रिंग याच्या कितीतरी वर असते, म्हणून नुसता कोरडा आकडा घेऊन समाधान मानू नये. दुरुस्त केलेल्या जोडावर आणि आजूबाजूला पाणी मारून दुसरा आकडा घ्यायला सांगावं आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून घ्यावेत.

पीएम सूर्यघर योजनेत बसवलेल्या यंत्रणेची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते. त्यामुळे तक्रार नोंदवताना ‘सोलर बंद पडतो’ एवढंच न लिहिता ‘अमुक तारखांना पावसानंतर इन्सुलेशनचा अलार्म, आकडा इतका, अमुक वाजता आपोआप गेला, गच्ची ओली असताना सकाळी तपासणी करावी’ असं लिहावं. सोबत पडद्याचा फोटो जोडावा आणि दुरुस्तीनंतर स्ट्रिंगचा नकाशाही मागून घ्यावा. पुढच्या पावसाळ्यात वेगळा जोड गळला, तर सातवं पॅनेल कुठलं हे शोधण्यातच सकाळ जाणार नाही.